आबांना आवणीला जायचे असते तेव्हा

स्मृतिभ्रंश, म्हणजेच डिमेन्शिया, झालेल्या वृद्धाला दिवसभरात घरातून किती वेळा चूक ठरवले जाते, हे एकदा मोजून पाहण्यासारखे आहे. आज सोमवार नाही, गुरुवार आहे. आत्ताच तर जेवलात. हा तुमचा भाऊ नव्हे, नातू आहे. हेच आपले घर, आणखी कुठल्या घरी जायचे? ही सगळी वाक्ये खरी असतात आणि बहुधा प्रेमापोटीच बोललेली असतात. तरीही ज्या घरात ती सर्वांत जास्त बोलली जातात, त्याच घरात दिवेलागणीच्या सुमारास आवाज चढतात, ताट ढकलले जाते आणि रात्री कोणाचाच डोळा लागत नाही. यामागचे कारण काय आणि त्याऐवजी नेमके काय बोलावे, हे भिवंडीजवळच्या पूर्णा गावातील एका कुटुंबाच्या अनुभवावरून येथे सांगतो. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

ठाण्याहून भिवंडीकडे येताना काल्हेर, पूर्णा, राहनाळ असा जो पट्टा लागतो, तो आज गोदामांसाठी ओळखला जातो. जिथे भाताची खाचरे होती तिथे पत्र्याच्या उंच शेड उभ्या आहेत आणि गावाच्या तोंडाशी कंटेनरच्या रांगा लागलेल्या असतात. येथे सत्तरी-ऐंशी ओलांडलेल्या पिढीचे अर्धे आयुष्य चिखलात गेले आणि उरलेले हे सारे बदलताना पाहण्यात. एखाद्या वृद्धाची अलीकडची स्मृती पुसली जाऊ लागली की आधी गोदामे पुसली जातात आणि खाली शेत उरते. घराबाहेर पाऊल टाकले की मात्र समोर गोदाम उभेच असते. या परिसरातल्या कुटुंबांना म्हणून हा प्रश्न जरा अधिकच बोचतो.

एका आठवड्याची वही

आबा एक्क्याऐंशी वर्षांचे. स्मृतिभ्रंशाचे निदान होऊन तीन वर्षे झालेली. घरात मुलगा, सून आणि दोन नातवंडे. मुलगा गोदामात पाळीने काम करतो, त्यामुळे आबांची सर्व देखभाल सुनेकडे. पावसाळा सुरू झाला की रोज संध्याकाळी आबा इरले शोधू लागत. “आवणी राहिली, राब पाण्याखाली जाईल” असे म्हणत दाराकडे निघत. मुलगा समजावीत असे, “आबा, शेत कुठे राहिलंय? वीस वर्षं झाली, तिथे गोडाऊन आहे. तुम्हीच तर सही केलीत.”

आबांच्या मनात त्या क्षणी काय होत असेल, याचा विचार करावा. वीस वर्षांपूर्वीचा व्यवहार त्यांच्या स्मृतीत राहिलेलाच नाही. म्हणजे बापजाद्यांची जमीन गेल्याची बातमी ते त्या क्षणी पहिल्यांदाच ऐकत असतात, आणि तीही आपणच विकली अशी. कोणीही ही गोष्ट मान्य करणार नाही. आबाही करीत नसत. आधी ते थिजून जात, मग “तूच मला फसवलंस” असे मुलाला म्हणत. एकदा त्यांनी काठी उगारली. एका रात्री तर कडी काढून ते रस्त्यावर पोहोचले आणि ओळखीच्या एका ट्रेलरचालकाने त्यांना घरी आणून सोडले. त्यानंतर कुटुंब झोपेची गोळी मागायला माझ्याकडे आले.

गोळीचा विचार करण्याआधी मी सुनेला एक वही करायला सांगितली. दोनशे पानी वहीत चार रकाने: किती वाजले होते, आबा काय म्हणाले, आपण काय उत्तर दिले आणि पुढे काय झाले. आठवडाभर एवढेच लिहायचे, बाकी काही बदलायचे नाही. वृद्धांची देखभाल करणाऱ्या प्रत्येकाने हे करून पाहावे, कारण थकलेल्या माणसाला “दिवसभर हेच चालू असते” असे वाटते आणि ते बहुतेक वेळा तसे नसते.

आबांच्या वहीतून दोन गोष्टी स्पष्ट दिसल्या. सगळे प्रसंग साडेचार ते सातच्या दरम्यानचे होते. उजेड उतरू लागला, दुपारचा चहा लांबला किंवा रस्त्यावर गाड्यांचे भोंगे सुरू झाले की ते हमखास घडत. संध्याकाळी गोंधळ वाढणे हे या आजारात नेहमी आढळते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची होती. “शेत नाही” हे उत्तर ज्या दिवशी दिले गेले, त्या प्रत्येक दिवशी चौथ्या रकान्यात भांडण होते. ज्या एका दिवशी सून पोळ्या लाटत होती आणि नुसते “हो का, आवणीला उशीर झाला?” एवढेच बोलली, त्या दिवशी आबा ओट्याजवळ बसून बराच वेळ शेतीबद्दल बोलत राहिले होते. हा उपाय तिलाच सापडला होता. वहीमुळे तो तिच्या लक्षात आला.

त्याच भेटीत आबांची तपासणीही केली. चार दिवस पोट साफ झालेले नव्हते, दोन्ही कानांत मळ घट्ट बसला होता आणि सर्दीसाठी औषधाच्या दुकानातून आणलेली एक गोळी ते रोज रात्री घेत होते. सर्दी-खाजेच्या काही जुन्या प्रकारच्या गोळ्यांनी वृद्धांचा गोंधळ वाढतो. ती बंद केली, कान साफ केले, पोटाकडे लक्ष दिले. बोलण्याची पद्धत कितीही चांगली असली तरी ज्याला ऐकूच येत नाही किंवा ज्याचे पोट दुखते आहे, त्याच्यापुढे ती चालत नाही.

दुरुस्ती का टिकत नाही

अल्झायमर या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात मेंदूच्या ज्या भागात नवीन आठवणी नोंदवल्या जातात, तो भाग सुरुवातीलाच दुबळा होतो. त्यामुळे आपण केलेली दुरुस्ती नोंदवलीच जात नाही. पंधरा मिनिटांनी तोच प्रश्न येतो आणि आपल्याला वाटते की हा हट्ट आहे. तो हट्ट नव्हे. पहिले उत्तर त्यांच्यापाशी शिल्लकच नसते.

मात्र घटना विसरली तरी तिच्यामुळे मनात उठलेली भावना मागे राहते. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या अभ्यासात अल्झायमरच्या रुग्णांना काही दुःखद आणि नंतर काही आनंदी चित्रफिती दाखवल्या. थोड्या वेळाने रुग्णांना चित्रफितींतले फारसे काही सांगता येईना, पण त्यांचे दुःख किंवा आनंद टिकून होता. घरातही हेच घडते. “तुम्ही जमीन विकलीत” हे आबा विसरतात. कोणीतरी आपल्याला लुबाडले आहे, ही भावना मात्र जेवणाच्या ताटापर्यंत त्यांच्याबरोबर येते. मग ताट ढकलले जाते आणि आपल्याला कारण कळत नाही.

वैद्यकशास्त्रालाही हे उशिराच उमगले. गेल्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेतील रुग्णालयांत अशा रुग्णांना वार, तारीख, ठिकाण यांची सतत आठवण करून देण्याची पद्धत रूढ झाली. सौम्य आजारात भिंतीवरचे मोठे घड्याळ किंवा कॅलेंडर आजही उपयोगी पडते. परंतु आजार पुढे गेलेल्या वृद्धांना ही सक्तीची उजळणी सोसवत नाही, हे नाओमी फाइल या समाजसेविकेने पाहिले. म्युनिकमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमाच्या आवारातच वाढलेल्या या बाईंनी १९६०च्या दशकापासून निराळी वाट धरली. वृद्ध जे बोलतो त्यामागच्या भावनेला खरे मानायचे आणि त्या भावनेशी बोलायचे. या पद्धतीचे औपचारिक उपचार म्हणून मोजमाप झाले तेव्हा निर्णायक पुरावा हाती आला नाही, हेही सांगायला हवे. कॉक्रेन या संस्थेच्या २००३च्या आढाव्याचा निष्कर्ष तसाच आहे. आजार यामुळे थांबत नाही आणि स्मृती परत येत नाही. संध्याकाळची वेळ थोडी शांत जावी, एवढीच अपेक्षा तिच्याकडून ठेवावी. तेवढी ती पुष्कळदा पूर्ण करते.

ओट्याजवळचे संभाषण

आता प्रत्यक्ष बोलणे कसे असावे ते पाहू. पुढच्या भेटीत सुनेने मला असा एक प्रसंग जसाच्या तसा सांगितला.

आबा म्हणाले, “माझं इरलं कुठाय? आवणी राहिली.”

तिने हातातले काम ठेवले, समोर येऊन त्यांच्या शेजारी पायरीवर बसली आणि म्हणाली, “आवणीची काळजी लागलीय, आबा?”

“चिखल सुकला तर काय करायचं? माणसं यायची थांबतील.”

“तुमच्या आवणीला किती माणसं असायची?”

आबा थोडा वेळ गप्प राहिले. तीही गप्प राहिली. मग ते म्हणाले, “दहा-बारा. तुझी सासू सगळ्यांच्या पुढं.”

“सासूबाई पुढं म्हणजे मागं राहणाऱ्यांची धडगत नसेल.”

आबा हसले. “तिचा हात लई चालायचा.”

“चला, चहा घेऊ. मग परसातलं आपलं भात बघून येऊ.”

हे संभाषण तीन-चार मिनिटांचे. त्यात तिने काय केले आणि काय टाळले, ते नीट पाहावे. स्वयंपाकघरातून ओरडून तिने उत्तर दिले नाही. मागून आलेला आवाज अशा माणसाला दचकवतो, उभ्याने बोलणारी व्यक्ती दटावल्यासारखी वाटते. पहिल्या वाक्यात तिने फक्त काळजी ओळखली आणि तिला नाव दिले. त्यानंतरचा प्रश्न “किती माणसे” असा होता, म्हणजे आबांना जे अजून आठवते त्या बाजूचा. “आबा, आठवतं का हो?” असे ती म्हणाली नाही. हे आपले सर्वांचे आवडते वाक्य आहे, पण ऐकणाऱ्यासाठी ती परीक्षा असते, आणि तो नापास होतो. “का” या शब्दाने सुरू होणारे प्रश्नही टाळावेत. कारणे जुळवणे हेच या मेंदूला जड जाते. कोण, कुठे, कसे, किती हे प्रश्न सोपे.

मधली शांतता ही सर्वांत अवघड. मनात दहा अंक मोजेपर्यंत थांबावे. आपण दुसरा प्रश्न घाईने टाकला की पहिल्याचे उत्तर वाटेतच हरवते.

शेवटी ती त्यांना चहाकडे आणि परसाकडे घेऊन गेली. हे “आपलं भात” म्हणजे प्लास्टिकच्या जुन्या क्रेटमध्ये माती भरून पेरलेले मूठभर बियाणे. ही कल्पना नातीची. आबा रोज त्याला पाणी घालतात, तण उपटतात, कोंब जवळून पाहतात. हातांची सवय शब्दांपेक्षा जास्त दिवस टिकते. कोणी दोर वळील, कोणी तांदूळ निवडील. एखाद्या निवृत्त कारकुनाला जुन्या फायली लावायला द्याव्यात. पूर्वीच्या आयुष्यातले काम शोधावे, म्हणजे मन वळवणे हे फसवणे वाटत नाही.

बोलीचाही येथे मोठा वाटा आहे. स्मृती मागे सरकते तसा माणूस पहिल्या भाषेकडे जातो. आगरी घरातली नातवंडे शाळेच्या मराठीत बोलतात, आजोबांना मात्र आईची बोली जवळची वाटते. भिवंडीत यंत्रमागाच्या निमित्ताने तेलंगणातून येऊन स्थायिक झालेल्या पद्मशाली घरांतही हेच दिसते. आयुष्यभर बाजारात मराठी-हिंदी बोललेली आजी अचानक तेलुगूतच बोलू लागते. पाच-दहा शब्द तरी शिकून घ्यावेत: पाणी, भूक, ये, बस, दुखते का.

हे खोटे बोलणे नव्हे का?

हा प्रश्न मला बहुतेक मुलगे विचारतात, सुना क्वचित. वरचे संभाषण पुन्हा वाचावे. “शेत आहे” असे सून एकदाही म्हणालेली नाही. आवणीची काळजी खरी होती, दहा-बारा माणसे खरी होती, सासूबाईंचा चालणारा हात खरा होता. वीस वर्षांचा हिशेब तेवढा तिने मांडला नाही.

“उद्या नक्की शेतावर नेतो” अशी थाप मारणे निराळे. कधी कधी ती लागू पडते, हे मी नाकारत नाही. पण मुलगा एक थाप मारतो, सून दुसरी, शेजारी तिसरी, आणि त्यांचा मेळ बसत नाही. शब्द विसरले तरी “हे लोक मला टाळतात” ही भावना साचत जाते. म्हणून मी कुटुंबांना थापेची सवय लावून घेऊ नका असे सांगतो. अगदी नाइलाज झाला, तर ती लहान ठेवावी आणि सगळ्यांनी एकच सांगावी.

सर्वांत कठीण प्रश्न गेलेल्या माणसाचा. आबांची पत्नी जाऊन नऊ वर्षे झाली. “ती कुठं गेली?” असे ते विचारतात. “ती वारली ना, आबा” असे सांगितले की त्यांच्यासाठी ती त्या क्षणी जाते. ते रडतात, अर्ध्या तासाने पुन्हा विचारतात, पुन्हा रडतात. एकाच मृत्यूची बातमी रोज देण्याने कोणाचे भले होते? येथे सून म्हणते, “सासूबाईंची आठवण येतेय ना?” आणि मग त्यांच्या हातच्या सुक्या मासळीच्या कालवणाचा विषय निघतो. पण आबांनी एखाद्या दिवशी डोळ्यांत पाहून शांतपणे “ती गेली ना?” असे विचारले, तर “हो” म्हणावे, हात धरावा आणि जवळ बसावे. तेव्हा त्यांना सत्य हवे असते आणि ते सोसण्याइतके भानही असते. आजाराच्या सुरुवातीला “मला काय होतंय?” असे विचारणाऱ्यालाही खरेच सांगावे. कुठे दुरुस्ती करू नये हे जसे शिकायचे, तसेच कुठे खरे टाळू नये हेही शिकावे लागते.

या संदर्भात सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २०१३चा ‘अस्तु’ हा चित्रपट जरूर पाहावा. त्यात डॉ. मोहन आगाशे यांनी रंगवलेले संस्कृतचे वृद्ध पंडित एका हत्तीच्या मागे जातात आणि हरवतात. माहुताची बायको चन्नम्मा त्यांना सांभाळते. ही भूमिका अमृता सुभाष यांची, आणि तिच्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चन्नम्माला या माणसाचा इतिहास माहीत नाही, म्हणून त्याच्या चुका काढण्याचा प्रश्नच येत नाही. समोर जो आहे, त्याला ती खाऊ घालते. मुलीला वडील पूर्वी कोण होते ते माहीत असते, आणि तिचे दुःखही तिथूनच सुरू होते. दुरुस्ती करण्याची आपली घाई पुष्कळदा आपल्याच दुःखातून येते, असे मला हा चित्रपट पाहताना वाटले.

आळ येतो तेव्हा

“माझे पैसे सुनेने घेतले.” हे वाक्य शेजाऱ्यांपुढे ऐकावे लागते तेव्हा शांत राहण्याचा सल्ला देणे सोपे आणि पाळणे फार अवघड, याची मला जाणीव आहे. वृद्धाने पाकीट स्वतःच गादीखाली ठेवलेले असते आणि ठेवल्याचे नोंदवले गेलेले नसते. पाकीट नाही, म्हणजे कोणीतरी घेतले. आणि सर्वांत जवळ सून असते. त्यांच्या दृष्टीने तर्क सरळ आहे.

“मी कशाला घेऊ तुमचे पैसे?” हे उत्तर वादाचे आहे. “पाकीट सापडत नाही, म्हणजे जीवाला घोर लागणारच. चला, दोघे मिळून बघू” हे उत्तर सोबतीचे. शोधताना वस्तू त्यांच्याच हाताला सापडू द्यावी. आपण काढून दिली तर संशय पक्का होतो. ठरलेल्या तीन-चार जागा बहुतेक घरांत कळून चुकतात: गादीखाली, तांदळाच्या डब्यात, देवाच्या फोटोमागे. तसेच दिसणारे दुसरे पाकीट घरात ठेवावे आणि त्यात थोडे सुटे पैसे असावेत. शेजाऱ्यांना आजाराची कल्पना आधीच द्यावी, म्हणजे सुनेला प्रत्येक वेळी स्वतःची साक्ष काढावी लागत नाही. घरातल्या इतरांनी तिला एकदा स्पष्टपणे सांगावे की आमचा तुझ्यावर विश्वास आहे. हे न बोलताही कळते, असे समजू नये.

जेव्हा हे चालत नाही

आबांच्या वहीत पुढच्या महिन्यातही भांडणाचे दिवस होते, फक्त कमी. रात्रपाळी करून आलेल्या मुलाने एकदा पुन्हा सातबाऱ्याचा विषय काढला आणि सारी संध्याकाळ गेली. एकदा सुनेने शेतीबद्दल इतके प्रश्न विचारले की आबा रडू लागले. प्रश्नांनी आठवण उघडते आणि आठवण दरवेळी सुखाचीच असते असे नाही. आवाज चढत असेल, मुठी आवळल्या जात असतील, फेऱ्या वाढत असतील तर बोलणे थांबवावे, दोन पावले मागे व्हावे, टीव्ही बंद करावा, दिवे लावावेत आणि दहा मिनिटांनी दुसऱ्याच माणसाने यावे. अंगाला हात लावून अडवू नये. लहान मुलाशी बोलावे तसे लाडाचे बोलणेही वृद्धांना झोंबते. स्मृती गेली तरी मान-अपमान कळतो.

धोका असेल तेथे भावनेला मान देऊन कृती मात्र आपल्या हाती ठेवावी. गॅस, दुबार घेतलेली मधुमेहाची गोळी, ट्रेलरांचा रस्ता यांबाबत “हो” म्हणून चालत नाही. आबांच्या दाराला आता वर एक जास्तीची कडी आहे, तिला घंटी बांधलेली आहे आणि त्यांच्या सदऱ्याच्या खिशात घरचा फोन नंबर शिवलेला आहे. घरात कोणी नसताना मात्र बाहेरून कुलूप कधीही लावू नये. आग लागली तर सुटका नाही.

या भागात आणखी एका गोष्टीची दक्षता घ्यावी लागते. जमिनीला येथे मोठा भाव आहे. गोड बोलून, “हो ना काका, जमीन तुमचीच” असे म्हणत म्हणत एखादा दूरचा नातेवाईक कागदावर अंगठा घेऊन जातो. आपण संभाषणात आबांचे शेत मान्य करतो, कारण तेथे फक्त त्यांचे मन सांभाळायचे असते. कागदाचे तसे नाही. सही करणाऱ्याला व्यवहार समजलेला असावा लागतो. म्हणून निदान झाल्यावर, भान शाबूत आहे त्या काळातच, बँक, मृत्युपत्र आणि जमिनीच्या कागदांबाबत वकिलाचा सल्ला घ्यावा. पुढच्या काळात कोणीही कागद घेऊन एकट्या वृद्धाकडे बसू नये, असा घरात नियम करावा.

देशव्यापी पाहणीवर आधारित आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार आपल्याकडे साठी ओलांडलेल्या शंभरांपैकी सुमारे सात जणांना हा आजार आहे. प्रत्येकासाठी मानसोपचारतज्ज्ञ जवळ असेल असे नाही. देखभाल करणाऱ्याला स्वतःलाच बोलण्याची गरज वाटली, तर केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. ज्येष्ठांसाठीची एल्डर लाइन १४५६७ या क्रमांकावर मिळते.

आणि एक सूचना. हा आजार महिन्या-महिन्यांनी सरकतो. काल बरे बोलणारा माणूस आज सकाळपासून अचानक काहीबाही बरळू लागला, सारखा पेंगतो आहे, समोर नसलेली माणसे पाहतो आहे किंवा ओळखीचेही ओळखत नाही, तर ते स्मृतिभ्रंश वाढल्याचे लक्षण समजून “हो ला हो” करीत बसू नये. लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, शरीरातले पाणी किंवा सोडियम कमी होणे, तुंबलेली लघवी, पडल्यामुळे डोक्याला लागलेला मार, नव्याने सुरू झालेले औषध, यांपैकी काही तरी त्यामागे असू शकते, आणि वेळेवर उपचार झाले तर त्यातले पुष्कळसे बरे होते. ताप असो वा नसो, अशा रुग्णाला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. नेताना सुरू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे एका पिशवीत भरून आणि ती चार रकान्यांची वही बरोबर घेऊन जावे.